रेसमध्ये रनर पडला तर: ७.३८ ते ८.१२ या चौतीस मिनिटांत आम्ही काय केलं आणि का

ऑक्टोबरातला रविवार होता, मुंबईतली एक हाफ मॅरेथॉन, आणि माझी ड्यूटी मरीन ड्राइव्हवर विसाव्या किलोमीटरच्या मेडिकल तंबूत. एरवी मी कॅज्युअल्टीत ब्रदर आहे, रेसला व्हॉलंटिअर म्हणून जातो, हे सातवं वर्ष. तंबूत मी, एक फिजिओ ताई, नर्सिंगची दोन मुलं आणि पाणी वाटपाच्या टेबलावरची कॉलेजची पोरं, एवढीच माणसं. सकाळी साडेसातलाच २८ डिग्री आणि हवा इतकी दमट की नुसतं उभं राहून टीशर्ट पाठीला चिकटत होता.

त्या दिवशी जे झालं ते मी वेळेसकट लिहितोय, कारण धावताना होणाऱ्या उष्माघातात सगळा खेळ मिनिटांचा असतो आणि आपल्याकडे ती मिनिटं बहुतेक वेळा चुकीच्या कामात जातात, कुणी पाणी पाजतं, कुणी कांदा हुंगवतं, आणि सगळ्यात जास्त वेळ जातो तो माणसाला अँब्युलन्समध्ये घालून हॉस्पिटलकडे पळवण्यात, जेव्हा त्याला खरी गरज तिथल्या तिथे बर्फाच्या पाण्याची असते.

७.३६, पडायच्या आधी

साधारण तिशीचा मुलगा, पिवळा टीशर्ट, लांबूनच दिसला. सरळ धावत नव्हता, डावीकडे डिव्हायडरकडे झुकत जात होता, परत मध्ये येत होता, मान थोडी मागे टाकलेली. रेस ५.४५ ला सुटली होती, म्हणजे विसाव्या किलोमीटरला एक तास एक्कावन्न मिनिटं, दोन तासांच्या आत संपवायचं टार्गेट असलेला माणूस नेमका याच वेळेला इथे असतो आणि शेवटच्या किलोमीटरसाठी जोर लावत असतो. अशा माणसाला तुम्ही "बरा आहेस का" विचारलं तर तो अंगठा दाखवून पुढे जातो, म्हणून मी विचारत नाही, सोबत चार पावलं चालतो आणि नाव नि बिब नंबर विचारतो. बिब छातीवर असूनही त्याला नंबर सांगता आला नाही. मी दंड धरेपर्यंत तो गुडघ्यांवर गेला आणि मग आडवाच झाला.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. फिनिश लाइन ओलांडून थांबल्यावर चक्कर येऊन बसणारे खूप असतात, धावताना पोटऱ्या रक्त वर ढकलत असतात, माणूस एकदम थांबला की ते पायात साठतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. त्याला आडवं करून पाय वर घेतले की बहुतेक जण पाच-दहा मिनिटांत बोलायला लागतात. पण जो धावता धावता पडतो, रेस संपायच्या आधी, तो वेगळा. दुसरं काही सिद्ध होईपर्यंत त्याला सीरियसच धरायचं.

७.३८, पहिले दहा सेकंद

खांदे हलवले, जोरात हाक मारली, आणि छातीकडे बघितलं. श्वास नीट चालू आहे का, हा एकच प्रश्न, आणि त्याला दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ द्यायचा नाही.

याचा श्वास जोरात चालू होता, डोळे अर्धे उघडे, बडबडत होता. म्हणजे हार्ट चालू आहे, पुढे जाऊ शकतो. पण समजा तो उत्तर देत नसता आणि श्वास बंद असता, किंवा मधूनच माशासारखा एखादा आचका देत असता, तर तो आचका म्हणजे श्वास नव्हे, ते कार्डियाक अरेस्ट आहे, आणि मग बाकीचं सगळं विसरून छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी दाबायला लागायचं, पाच ते सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, एकाने एईडी, म्हणजे हृदयाला शॉक द्यायचं मशीन, आणायला पळायचं, एकाने १०८ लावायचा. अरेस्टमध्ये पहिले काही सेकंद हातपाय झटके दिल्यासारखे हलू शकतात आणि लोक "फिट आली, फिट आली" म्हणत चप्पल हुंगवतात, त्यात दोन मिनिटं गेली तर वाचण्याची शक्यता बरीच खाली येते, कारण दर मिनिटाला साधारण सात ते दहा टक्क्यांनी ती घटते. म्हणून झटके दिसले तरी श्वास बघायचाच.

७.३९, बोलायला लावणं

"काय नाव तुझं? कुठे आहेस आत्ता?"

"सोड ना... मीटिंग आहे... सोड," आणि माझा हात झटकला.

हा चिडचिडेपणा लक्षात ठेवा. मेंदू तापला की माणूस शांत पडतोच असं नाही, भांडतो, शिव्या देतो, उठून धावायला बघतो. लोकांना वाटतं बोलतोय म्हणजे बरा आहे. माझ्यासाठी उलट, धावताना पडला आणि विचित्र बोलतोय, या दोन गोष्टी एकत्र आल्या की उष्माघात हा पहिला संशय.

त्याचा रनिंग पार्टनर मागून आला. "अहो सर काही नाही, शुगर लो झाली असेल, इलेक्ट्रॉल द्या त्याला." मी त्याला बाजूला घेऊन तीनच प्रश्न विचारले, काही आजार किंवा गोळ्या चालू आहेत का, या आठवड्यात आजारी होता का, आणि वाटेत पाणी किती प्यायला. तर बुधवारपर्यंत ताप होता आणि शुक्रवारी बिब घ्यायला आला होता. नुकताच ताप येऊन गेलेलं शरीर उष्णता नीट बाहेर टाकू शकत नाही, हे मला पुरेसं होतं.

इलेक्ट्रॉल दिलं नाही. जो नीट शुद्धीत नाही त्याच्या तोंडात काहीच घालायचं नाही, ते पोटाऐवजी फुप्फुसात जातं.

७.४० ते ७.४३, तंबूत नेणं आणि तापमान

स्ट्रेचरवरून चाळीस मीटर. पोरांना आधीच सांगून ठेवलं होतं की मी "बर्फ" असं ओरडलो की दुसरं काही विचारायचं नाही, ताडपत्री पसरायची आणि जार ओतायला लागायचं. ते मी स्ट्रेचर उचलतानाच ओरडलो.

आता तापमान. यावर थोडं थांबतो, कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथे झालेली आहे. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका रेसला असाच एक जण आला, आमच्याकडे कपाळावर धरायचं बंदुकीसारखं थर्मामीटर होतं, त्यात आलं ९९.८. अंगावर घाम, कपाळ ओलं, पंख्याची हवा लागतेय, कातडी गार असणारच. मी आकड्यावर विश्वास ठेवला, सलाईन लावलं, वाट बघत बसलो. वीस मिनिटांनी त्याला खरंच फिट आली तेव्हा डॉक्टरांनी आतून तापमान घेतलं तर १०६ च्या वर. तो वाचला, पण किडनीसाठी बरेच दिवस अ‍ॅडमिट राहिला, आणि ती वीस मिनिटं माझी होती.

तेव्हापासून कपाळ, कान, काख, तोंड, यातलं काहीही रनरच्या बाबतीत मी धरत नाही. शरीराच्या आतलं खरं तापमान फक्त गुदद्वारातून कळतं. त्यासाठी वायरवाला मऊ प्रोब मिळतो, जेली लावून साधारण दहा ते पंधरा सेंटीमीटर आत जातो आणि गार करताना तसाच आत ठेवता येतो, म्हणजे आकडा सतत दिसतो. संकोच वाटतो हे खरंय. म्हणून चादर धरायला दोन माणसं, पेशंट बाई असेल तर आमची ताईच करते, आणि अर्ध्या मिनिटात काम होतं. हे शिकलेल्या माणसानेच करायचं, बाकीच्यांनी काय करायचं ते खाली लिहिलंय.

आणि हो, "अंग कोरडं आणि गरम असेल तरच उष्माघात" हे जे आपण शाळेत शिकलो ते उन्हात बसलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी ठीक, रनर घामाने निथळत असतो आणि तरी आतून उकळत असतो.

७.४३ ला आकडा आला: १०६.५ फॅरनहाइट, म्हणजे ४१.४ सेल्सिअस. १०४ च्या वर तापमान आणि डोकं ठिकाणावर नाही, म्हणजे उष्माघात. ताई बोटातून शुगर बघत होती तोवर, ११८, म्हणजे शुगरचा विषय संपला.

७.४५, ताडपत्री

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे टबात बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवणं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये फाल्मथ रोड रेस होते, ऑगस्टच्या उन्हात, सात मैलांची, तिथे १८ वर्षांत उष्माघाताचे २७४ पेशंट असेच जागेवर बुडवून गार केले आणि सगळेच्या सगळे वाचले. आमच्याकडे रस्त्यावर टब नसतो, म्हणून ताडपत्री.

साधी निळी प्लॅस्टिकची, आठ बाय सहा फुटांची, भोकं नसलेली. पेशंटचे शूज, मोजे, टीशर्ट काढून, शॉर्ट्स ठेवून त्याला मधोमध झोपवायचं. चारही बाजूंनी पाच-सहा जणांनी कडा उचलून धरायच्या, झोळीसारखी, डोक्याकडची बाजू उंच. मग आत पाणी आणि बर्फ. पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे जार असतात ना, ते पाच आणि वर फोडलेला बर्फ सुमारे वीस किलो. बर्फ लादीचा मागवला असेल तर पहाटेच फोडून थर्माकोलच्या खोक्यात भरून ठेवा, आयत्या वेळी लादी फोडत बसलात तर पाच मिनिटं गेली.

पाणी ओतलं की काम संपत नाही. कडा धरलेल्यांनी ताडपत्री पाळण्यासारखी हळूहळू हलवत राहायची. पाणी स्थिर राहिलं तर अंगाला लागून असलेला थर गरम होतो आणि गार होणं मंदावतं, हलतं राहिलं की सतत थंड पाणी लागतं.

डोक्याशी एक माणूस फक्त श्वास आणि तोंड बघायला, त्याने दुसरं कुठलंही काम करायचं नाही. दोन्ही काखांखालून टॉवेल घालून तो मागे धरून ठेवायचा म्हणजे पेशंट खाली घसरत नाही. उलटी आली तर सगळ्यांनी मिळून कुशीवर करायचं. आमच्या याला दोनदा आली.

पहिल्या दोन मिनिटांत तो जोरात ओरडला, हातपाय मारले, नंतर कुडकुडायला लागला. पार्टनर म्हणाला, "सर, त्याला थंडी वाजतेय, बास करा, न्यूमोनिया होईल." हा क्षण प्रत्येक वेळी येतो आणि आजूबाजूच्या गर्दीत कुणाला ना कुणाला दया येतेच. थांबायचं नाही. कुडकुडणं कातडीचं आहे, आत अजून १०५ आहे. आकडा बघा, थरथर नको.

क्रोसिन वगैरे देऊ नका. ती तापाची गोळी मेंदूने मुद्दाम वाढवलेल्या तापावर चालते, इथे स्नायूंनी तयार केलेली उष्णता साठलेली आहे, गोळीचा काही उपयोग नाही आणि लिव्हरवर आधीच ताण असतो.

७.४९, अँब्युलन्स

अँब्युलन्स आली. डॉक्टर उतरले, तरुण होते, घाईत. "द्या पेशंट, हॉस्पिटल तीन किलोमीटरवर आहे, गाडीत एसी आहे, सलाईन लावून नेतो."

"डॉक्टर, आत १०५ च्या वर आहे. १०२ झालं की देतो. दहा-बारा मिनिटं."

"रस्त्यात काही झालं तर जबाबदारी कुणाची?"

"म्हणूनच आत्ता नेऊ नका. श्वास, नाडी, दोन्ही चांगलं आहे. गाडीत घातलं तर गार करणं थांबतं."

हे भांडण नाही, त्यांच्या जागी त्यांचं बरोबरच होतं, सगळ्या इमर्जन्सीत आपण लवकर नेणंच शिकतो. पण हिशोब बघा. रेसमुळे रस्ते बंद, तीन किलोमीटरला दहा मिनिटं सहज, मग कॅज्युअल्टीत उतरवणं, केस पेपर, बर्फ शोधणं, म्हणजे पंचवीस-तीस मिनिटं तो १०५ च्या वरच. पडल्यापासून अर्ध्या तासाच्या आत १०२ पर्यंत आणलं तर माणूस जवळजवळ नेहमी वाचतो, त्याच्यापुढे जितका उशीर तितकं मेंदू, लिव्हर, किडनीचं नुकसान. आणि गाडीत गळा-काख-जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवून पंखा लावला तरी एक डिग्री फॅरनहाइट उतरायला पंधरा-वीस मिनिटं लागू शकतात. ताडपत्रीत तेवढंच तीन-चार मिनिटांत होतं. आधी गार करा, मग न्या, या एका आजारात क्रम असा आहे.

मी त्यांना आकडा दाखवला, ७.५० ला १०५.३ होता. त्यांनी एक मिनिट बघितलं, मग ग्लोव्हज घातले आणि पायाकडची कड धरली.

७.५० ते ८.०१

७.५६ ला १०३.३. याच सुमारास त्याने विचारलं, "मी फिनिश केलं का?" हा पहिला अर्थ लागणारा प्रश्न होता. ताईने नाव विचारलं, त्याने सांगितलं.

८.०१ ला १०१.८ आणि लगेच बाहेर काढलं. १०२ च्या आसपास थांबायचंच, कारण बाहेर काढल्यावरही तापमान थोडं खाली जात राहतं, जास्त वेळ ठेवलं तर उलट अंग फार गार पडतं. पुसला, कोरड्या चादरीत गुंडाळला, प्रोब आतच ठेवून अजून दहा मिनिटं बघितलं की परत चढत नाही ना. चढलं नाही. पडल्यापासून तेवीस मिनिटं झाली होती.

प्रोब नसेल, ताडपत्री नसेल तर

बहुतेक रेसला, सोसायटीच्या रनला, पोलीस भरतीच्या मैदानावर हे काहीच नसतं. मग असं करा. जोरात धावताना पडला, श्वास आहे, पण गोंधळलेला आहे किंवा बेशुद्ध आहे, तर उष्माघात धरूनच चाला. सावलीत न्या, कपडे कमी करा, १०८ ला फोन एकाने करा आणि बाकीच्यांनी मिळेल ते पाणी सतत ओता, टँकरचा पाइप असेल तर उत्तम. बर्फ असेल तर बादलीत बर्फ-पाणी करून त्यात टॉवेल, चादरी, टीशर्ट भिजवून संपूर्ण अंगावर टाका, डोकं, छाती, हात, मांड्या, आणि दर एक-दोन मिनिटांनी बदला, कारण टॉवेल अंगावर टाकल्यावर मिनिटभरात गरम होतो आणि मग तो उलट पांघरूण होतो. लोक इथेच चुकतात, एकदा टाकतात आणि वारा घालत बसतात. पंधरा-वीस मिनिटं नेटाने करा आणि अँब्युलन्स निघाल्यावर आतही चालू ठेवायला सांगा. कुशीवर ठेवा, एक माणूस श्वासावर.

जेव्हा क्रम उलटा असतो

एक गोष्ट अशी आहे जिच्यात माणूस गोंधळलेला असतो पण आतलं तापमान फार वाढलेलं नसतं, समजा १०१. शुगरही ठीक. तिथे मी सोडियम कमी झाल्याचा संशय घेतो. हे होतं ते जास्त पाणी प्यायल्याने, बहुतेक हळू धावणारे, प्रत्येक स्टेशनवर दोन ग्लास पिणारे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ रनर्सचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं होतं, म्हणजे हे काही दुर्मीळ नाही. खुणा: डोकं प्रचंड दुखतं, उलट्या, बोटं फुगलेली, अंगठी किंवा घड्याळाचा पट्टा रुतलेला. याला पाणी देऊ नका, नेहमीचं सलाईन धडाधड सोडू नका, त्याने मेंदूची सूज वाढू शकते. याला मात्र लगेच हॉस्पिटल, आणि तिथे "जास्त पाणी प्यायलाय, सोडियम बघा" हे आधी सांगा. पार्टनरला पाण्याबद्दल मी ७.३९ ला विचारलं ते यासाठी.

८.१२, हँडओव्हर

निघताना नुसतं "उष्माघात आहे" सांगून भागत नाही, कारण हॉस्पिटलला पोचेल तेव्हा तापमान १०० असेल, मुलगा बोलत असेल, आणि तिथला थकलेला ड्यूटी डॉक्टर त्याला ओआरएस देऊन घरी पाठवू शकतो. मी मार्करने त्याच्या दंडावरच लिहितो, कागद हरवतो: पडला ७.३८, ७.४३ ला १०६.५ आतून, पाण्यात ७.४५, बाहेर ८.०१ ला १०१.८, शुगर ११८, उलटी दोन. खाली: किडनी, लिव्हर आणि स्नायूंचं नुकसान दाखवणारी सीपीके तपासणी, आज आणि उद्या परत.

ते "उद्या परत" महत्त्वाचं. स्नायू शिजल्यासारखे झालेले असतात, त्यातली घाण रक्तात यायला आणि किडनीवर बसायला वेळ लागतो, पहिल्या दिवसाचे रिपोर्ट चांगले येऊन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बिघडतात. पार्टनरला मी वेगळं बाजूला घेऊन सांगितलं की लघवी कोकसारखी काळपट झाली किंवा होईनाशीच झाली तर रात्री दोन वाजले तरी हॉस्पिटल.

याचं सीपीके दुसऱ्या दिवशी वाढलंच, तीन दिवस ठेवून सलाईनवर उतरवलं, किडनी ठीक राहिली. डिस्चार्जनंतर किमान आठवडाभर कुठलाही व्यायाम नाही, मग डॉक्टरकडे रक्त तपासून, आणि सुरुवात थंड वेळेला, छोट्या अंतराने, उन्हातलं धावणं काही आठवड्यांत हळूहळू. त्याचा मला फोन आला तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला की डिसेंबरातली रेस करू का. मी विचारलं, रक्त तपासलंस का. नाही म्हणाला. मी म्हटलं, आधी ते कर आणि रिपोर्ट मला पाठव, मग बोलू.